शाफई आणि हनफी: पाळायचा एकच मजहब, मग दुसराही बरोबर कसा?

दर्यावर्दी
मी मुस्लिम नाही, रत्नागिरीचा आहे. इथल्या मशिदीत दुपारनंतरची अजान चार-सव्वाचारला कानावर पडते. सोलापूरचा एक सहकारी म्हणतो, त्यांच्याकडे ती साधारण तासभर उशिरा होते. दोन शहरांतल्या सूर्यात एवढा फरक नक्कीच नाही. विचारल्यावर म्हणाला, "कोकणी लोक शाफई, आम्ही हनफी. दोघेही बरोबर." इथंच माझी गाडी अडते. दोघेही बरोबर असतील तर एकालाच धरून का राहायचं? जिथे जे सोपं ते घ्यावं. आणि एकच बरोबर असेल तर दुसऱ्याला मान कसला देता? शिष्टाचार म्हणून नको, खरं उत्तर हवंय.

टिवल्याबावल्या
शिया-सुन्नी वाद हो हा. इराण-सौदी वगैरे. त्यावर इथे आधीच दहा धागे आहेत.

शाहीद_पुणे
नाही भाऊ, शियांचा यात काही संबंध नाही. हनफी, शाफई, मालिकी, हंबली हे मजहब, म्हणजे धर्मनियम समजून घ्यायच्या परंपरा, आणि चारही सुन्नीच. देवबंदी-बरेलवी हाही वेगळा विषय, ते दोन्ही गट मसल्यांत, म्हणजे आचरणाच्या नियमांत, हनफीच आहेत.
दर्यावर्दी, असर म्हणजे दुपारनंतरची नमाज, तिच्या वेळेचं सांगतो. शाफईंकडे वस्तूची सावली वस्तूएवढी झाली की असर सुरू होते, हनफींकडे दुप्पट झाली की. बाकी चारही मजहब हक, म्हणजे खरे, आहेत. फक्त आपल्या मजहबचा इमाम नसेल तर त्याच्या मागे नमाज होत नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

मुदर्रिस
शाहीदभाईंनी सावलीचं सांगितलं ते बरोबर, पण अर्धं. शेवटचं वाक्य मात्र चुकीचं आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी सावली. सूर्य डोक्यावर आला तरी वस्तूची थोडी सावली उरतेच. ती वजा करून मोजायचं असतं. रत्नागिरीत २१ मार्चच्या सुमारास १०० सेंटिमीटरची काठी सपाट जमिनीवर उभी करा. मध्यान्हीला, म्हणजे पावणेएकच्या आसपास, तिची सावली साधारण ३१ सेंटिमीटर असते. ती १३१ झाली की शाफई असर सुरू होते, २३१ झाली की हनफी. घड्याळात हा फरक जवळपास एक तासाचा पडतो: साधारण चार वाजून पाच मिनिटं आणि पाच वाजून पाच मिनिटं. डिसेंबरात तो पाऊण तासावर येतो, जूनमध्ये सव्वा तासाकडे जातो. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो तेव्हा वजा करायला काहीच नसतं, मग थेट १०० आणि २००. मध्यान्हीची सावली वजा न करता १०० सेंटिमीटरला अजान दिली तर डिसेंबरात मोठा घोळ होईल, कारण तेव्हा भर दुपारीच सावली ८५ सेंटिमीटर असते.

आता हा फरक आला कुठून? जिब्रील फरिश्त्याने पैगंबरांना दोन दिवस नमाजच्या वेळा शिकवल्या, त्या हदीसमध्ये पहिल्या दिवशीची असर सावली एकपट झाल्यावर आहे. इमाम शाफईंनी ती धरली. इमाम अबू हनीफांपुढे दुसरी हदीस होती: उन्हाचा कडाका असेल तेव्हा जोहर, म्हणजे दुपारची नमाज, थंडावा आल्यावर पढा. हिजाजमध्ये सावली एकपट होते तेव्हा ऊन कुठे उतरलेलं असतं? म्हणजे जोहरची वेळ त्यापुढेही चालू असली पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष. शिवाय मजुरांची हदीस आहे. त्यात दुपार ते असर राबलेले मजूर तक्रार करतात की असर ते सूर्यास्त राबलेल्यांपेक्षा आमचं काम जास्त झालं. हनफी म्हणतात, याचा अर्थ असर ते सूर्यास्त हा वेळ कमी असायला हवा. त्यावर शाफई म्हणतात, एकपट सावली धरली तरी तो कमीच भरतो. वरच्याच दिवशी मोजून पाहा: मध्यान्ह ते असर सुमारे तीन तास वीस मिनिटं, असर ते सूर्यास्त दोन तास चाळीस.

माझ्या मते इथे शाफईंची बाजू भक्कम आहे. मौज अशी की अबू हनीफांचे दोन सर्वांत मोठे शिष्य, अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, तेही एकपट सावलीच धरतात. तरी भारतात हनफींचा फतवा आणि अमल दुप्पटवर आहे. कारण असं की दुप्पट सावलीनंतर पढलेली असर चारही मजहबांत वेळेतच ठरते, तिच्याबद्दल कुणालाच शंका राहत नाही.

दर्यावर्दी
हे आवडलं. पण मूळ प्रश्न तिथेच आहे. तुम्ही स्वतःच म्हणता शाफईंची बाजू भक्कम. मग हनफी माणसाने एवढ्यापुरतं शाफई व्हायला काय हरकत?

मुदर्रिस
एवढ्यापुरतं चालतं, आणि केलंही जातं. मक्का-मदिनेत असरची जमात, म्हणजे सामूहिक नमाज, एकपट सावलीवर उभी राहते. भारतातले हनफी हाजी तिथे तासभर वेगळे थांबत नाहीत, जमातीबरोबर पढतात. त्यांच्याच मजहबातल्या दोन शिष्यांचं मत पाठीशी असल्यामुळे कुणी त्यांना अडवतही नाही.

अडचण दुसरीकडे आहे. मत बदलायचं कारण पुरावा आहे की सोय? आणि बदललं तर पूर्ण बदललं की अर्धं? नेहमी शिकवलं जाणारं उदाहरण देतो. एका माणसाने वजू, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुऊन करायची शुद्धी, केला. नंतर दाढी करताना कापलं आणि रक्त ओघळून हनुवटीवर आलं. मग त्याचा हात बायकोच्या हाताला लागला. आता तो नमाजला उभा राहिला.

हनफी मसला: अंगातून रक्त निघून जखमेच्या तोंडाबाहेर वाहिलं की वजू तुटतो. बाईला हात लागल्याने तुटत नाही.
शाफई मसला: रक्ताने तुटत नाही. पण जिच्याशी लग्न होऊ शकतं अशा बाईच्या उघड्या त्वचेला त्वचा लागली की तुटतो, बायकोही त्यात आली.

हा माणूस म्हणतो, "रक्ताच्या बाबतीत मी शाफई, स्पर्शाच्या बाबतीत हनफी, माझा वजू शाबूत." पण अबू हनीफांना विचाराल तर ते म्हणतील, रक्ताने तुटला. शाफईंना विचाराल तर म्हणतील, स्पर्शाने तुटला. ज्या वजूवर तो उभा आहे तो दोघांपैकी एकाही इमामाकडे वजू नाही. दोघांच्याही नावावर त्याने तिसरंच काहीतरी तयार केलं. याला तलफीक म्हणतात, आणि बहुतेक फकीह, म्हणजे धर्मनियमांचे जाणकार, ती नाकारतात ती याच कारणाने.

जिथे जे सोपं ते घ्यावं, असं तुम्ही म्हणालात ना? त्याचा शेवट इथे होतो. सोपेपणा एकेका तुकड्यात दिसतो, पण तुकडे जोडले की जी वस्तू तयार होते तिला कुणाचाच आधार नसतो. मजहब म्हणजे सुट्ट्या फतव्यांची यादी नव्हे. रक्त, स्पर्श, डोक्यावरून ओला हात फिरवायचा मसह, सगळं आयती आणि हदीस तोलण्याच्या एकाच पद्धतीतून निघालेलं असतं.

रुबीना_चिपळूण
मुदर्रिस साहेब, माझीच केस आहे म्हणून विचारते. माहेर शाफई, सासर कोल्हापूरचं, हनफी. सासूबाई म्हणतात, लग्न झालं आता नवऱ्याचा मजहब. खरं आहे का? दुसरं, घर लहान आहे. चहाचा कप देताना हात लागतो, लगेच वजू गेला. थंडीत दिवसातून किती वेळा करायचा?

मुदर्रिस
रुबीनाताई, नवऱ्याचा मजहब बायकोला आपोआप लागत नाही. असा नियम दोन्हीकडे नाही. तुम्ही शाफई राहिलात आणि ते हनफी राहिले तरी संसारात काही अडत नाही. एकाच स्पर्शाने तुमचा वजू जाईल, त्यांचा राहील. दोघांनी आपापल्या मसल्यावर चालायचं.

आता चहाचा कप. शाफई मसला तुम्हाला वाटतो तेवढा कडक नाही. सासरे लग्नामुळे महरम झाले, म्हणजे त्यांच्याशी कधीच लग्न होऊ शकत नाही, म्हणून त्यांच्या स्पर्शाने वजू जात नाही. दीर महरम नाहीत, तिथे जातो. केस, नख, दात यांना हात लागला तर जात नाही. मधे पदर किंवा बाही असेल, पातळ का असेना, तरी जात नाही. राहिला नवऱ्याचा उघडा हात, तिथे मात्र जातो.

तेही रोजचं अवघड होत असेल तर एखाद्या जाणत्या आलिमला विचारून वजूच्या बाबतीत हनफी मसला घेता येतो, पण मग वजूचा सगळाच हनफी मसला घ्यायचा. विळीवर बोट कापून रक्त ओघळलं तर वजू पुन्हा करायचा. जखमेच्या तोंडाशीच थांबलेल्या थेंबाने मात्र तुटत नाही. डोक्याचा मसह शाफई रीतीने चार केसांवर बोट फिरवून चालणार नाही, हनफींकडे निदान पाव डोकं लागतं. तोंडभर उलटी झाली तरी वजू गेला. सोय घेतली की तिच्या अटीही घ्याव्या लागतात.

हाजी_दापोली
यात भर घालतो, कारण कोकणातल्या प्रत्येक हाजीसमोर हा प्रश्न येतो. तवाफमध्ये, म्हणजे काबेभोवतीच्या फेऱ्यांत, पुरुष-बाया एकत्र फिरतात. हज्रे-अस्वद या काळ्या दगडाच्या बाजूला गर्दी अशी असते की हात लागू न देणं कुणाच्या हातात नसतं. शाफई मसल्यात तवाफला वजू ही अट आहे. प्रत्येक धक्क्याला बाहेर पडून वजू करून यायचं म्हटलं तर सात फेरे पुरे होणार नाहीत. म्हणून निघण्याआधीच्या शिबिरांत सांगतात की वजूपुरता हनफी मसला धरा, आणि खोलीवरून निघतानाच हनफी अटींसकट वजू करा. लोक पहिलं वाक्य ऐकतात, दुसरं विसरतात. मग पायाला चप्पल चावून रक्त वाहतं, तरी "आपण शाफई, रक्ताने काय होतं" म्हणत तसेच फिरतात. हीच ती वरची तलफीक.

मुदर्रिस
हाजीसाहेब, अगदी. त्यात एक छोटी दुरुस्ती: काही शाफई आलिम आधी घरातलाच उपाय सांगतात. ज्याने स्पर्श केला त्याचा वजू जातो, पण ज्याला नुसता स्पर्श झाला त्याचा जात नाही, असं एक मत शाफई मजहबातच आहे. पसंतीचं नाही, कमजोर आहे, पण आहे. मजहब बदलण्याआधी आपल्याच मजहबातल्या दुसऱ्या मतावर भागतं का ते पाहायचं, अशी ती रीत.

शाहीद_पुणे
माझ्या वाक्याचं काय ते सांगा. आमच्याकडे तर लहानपणापासून ऐकलंय की शाफई इमामामागे उभं राहू नका, त्यांचा वजू आपल्या हिशेबाने नसतो.

मुदर्रिस
ऐकलंत ते कुठून आलं ते समजतं, पण निष्कर्ष फार पुढे गेला. खरा प्रश्न असा आहे की मागे उभ्या माणसाची नमाज इमामाच्या मसल्यावर मोजायची की त्याच्या स्वतःच्या? मालिकी आणि हंबली साधारणपणे इमामाचा मसला पाहतात: त्याच्या दृष्टीने त्याची नमाज झाली ना, मग तुमचीही झाली. शाफईंचं पसंतीचं मत मागच्या माणसाचा मसला पाहतं. शाफईंचे मोठे फकीह इमाम नववी यांनी याचंच उदाहरण दिलंय. हनफी इमामाने फस्द करून, म्हणजे शीर कापून रक्त काढून घेतलं आणि वजू न करता उभा राहिला, तर शाफई माणसाची नमाज त्याच्यामागे होते, कारण शाफई हिशेबाने रक्ताने वजू गेलेलाच नाही. गंमत पाहा, इमामाच्या स्वतःच्या हिशेबाने गेलाय! उलट, ज्याने शाफई वजू तुटतो पण हनफी तुटत नाही अशी गोष्ट इमामाने केलेली शाफई माणसाला नक्की ठाऊक असेल, तर होत नाही.

"नक्की ठाऊक असेल" यावर सगळं आहे. इमामाने घरून निघताना कुणाला हात लावला का, याची चौकशी करायची नसते. माहीत नसेल तर नमाज झाली. हनफी फकीहही म्हणतात की दुसऱ्या मजहबचा इमाम वादाच्या जागी सांभाळून वागत असेल तर त्याच्यामागे बिनदिक्कत पढा. मुंबईच्या जामा मशिदीचा कारभार कोकणी जमातीकडे आहे, मात्र तिथल्या नमाजच्या रांगांत हनफी माणसं रोज उभी असतात.

दर्यावर्दी
म्हणजे रीतसर नियमच आहेत. पण "दुसराही बरोबर" हे अजून गळी उतरत नाही. वजू एक तर तुटला किंवा नाही तुटला.

मुदर्रिस
या प्रश्नावर उसूलवाल्यांत, म्हणजे नियम कसे काढायचे ते अभ्यासणाऱ्यांत, आजही एकमत नाही. एक बाजू म्हणते, अल्लाहकडे उत्तर एकच आहे. मुजतहिदला, म्हणजे कुरआन-हदीसमधून स्वतः नियम काढणाऱ्या आलिमला, ते सापडलं तर दोन सवाब, प्रामाणिकपणे शोधूनही चुकला तर एक. हदीसमध्ये तसं सांगितलंय. दुसरी बाजू म्हणते, जिथे स्पष्ट हुकूम नाही तिथे प्रत्येक मुजतहिदचं उत्तर त्याच्यापुरतं बरोबरच. हनफींमधलं एक जुनं सूत्र पहिल्या बाजूचं आहे: आमचा मजहब बरोबर, पण त्यात चूक असू शकते. समोरच्याचा चूक, पण तो बरोबर असू शकतो. या वाक्यात आदरही आहे आणि ठामपणाही.

शिवाय पैगंबरांच्या हयातीतलाच दाखला आहे, तोही असरचाच. बनू कुरैजाच्या मोहिमेवर त्यांनी सांगितलं, कुणीही तिथे पोहोचल्याखेरीज असर पढू नये. वाटेतच वेळ संपत आली. काहींनी वाटेत पढली, म्हणाले, हुकमाचा अर्थ घाई करा एवढाच होता. बाकीच्यांनी शब्द धरला, पोहोचल्यावरच पढली. पैगंबरांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोघांपैकी कुणालाही दोष दिला नाही. एक वाक्य, अर्थ दोन, दोन्ही प्रामाणिक. अबू हनीफा आणि शाफईंमधला झगडा बऱ्याच ठिकाणी हाच आहे. कुरआनात "बायकांना स्पर्श केला असेल तर" असं आलंय, तो स्पर्श साधा की शरीरसंबंध? शाफईंनी साधा धरला, हनफींनी संबंध.

आणि हे इमाम एकमेकांना परके नव्हते. इमाम शाफई जन्मले हिजरी १५० मध्ये, त्याच वर्षी अबू हनीफा वारले. शाफई मदिनेत इमाम मालिकांकडे शिकले आणि बगदादमध्ये अबू हनीफांचे शिष्य इमाम मुहम्मद यांच्याकडे. इमाम अहमद बिन हंबल पुढे शाफईंकडे शिकले. गुरूचं मत खोडणं आणि गुरूचा मान राखणं त्यांना एकत्र जमत होतं.

वकील_नागपूर
दुसऱ्या मजहबला नुसता मान नाही, गरज पडली तर त्याचा आधारही घेतात. भारतातलं सर्वांत मोठं उदाहरण कायद्यात आहे. नवरा बेपत्ता झाला तर जुन्या हनफी मसल्यात बायकोला त्याच्या वयाचे लोक संपेपर्यंत थांबावं लागे, काही किताबांत नवऱ्याच्या वयाची ९० वर्षं दिलीत. म्हणजे तिचं आयुष्यच संपलं. मालिकी मसल्यात काझीकडे गेल्यावर चार वर्षांची मुदत आहे. मौलाना अशरफ अली थानवी पक्के हनफी, पण त्यांनी मदिनेच्या मालिकी आलिमांकडून फतवे मागवले आणि 'अल्-हीलतुन्-नाजिजा' लिहून हा मसला हनफी बायकांसाठी घेतला. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात कलम २ मधलं पहिलंच कारण तेच आहे: चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नसणे. विधेयकाच्या हेतूनिवेदनातच लिहिलंय की हनफी कायद्याने हाल होत असतील तर मालिकी, शाफई किंवा हंबली कायदा लावण्याची मुभा खुद्द हनफी फकीहांनीच दिली आहे.

शाहीद_पुणे
मग हे सोयीने घेणं नाही का झालं? रुबीनाताईंनी थंडीसाठी घेतलं तर अटी, इथे कायदाच बदलला.

वकील_नागपूर
फरक हाल किती मोठा यात आहे, आणि निर्णय कोण घेतो यातही. एका माणसाने रात्री स्वतःच्या सोयीने ठरवलं नाही, आलिमांनी मिळून, मूळ मालिकी अटी विचारून ठरवलं. मालिकी मसल्यातला पुढचा इद्दतीचा, म्हणजे पुन्हा लग्नाआधी थांबायचा, चार महिने दहा दिवसांचाही नियम थानवींनी सोडला नाही. कायद्याने मात्र सगळ्या अटी तशाच्या तशा उचलल्या नाहीत. काझीऐवजी साधा न्यायाधीश चालेल असं ठेवलं, त्यावर काही उलेमा तेव्हाही नाराज होते. तो वाद मिटलेला नाही.

टिवल्याबावल्या
मघाचं मागे घेतो, इराण-सौदीचा संबंध नव्हता. एक विचारू? चिंबोरी. आमच्या गुहागरचे मुस्लिम शेजारी खातात, साताऱ्याचा मित्र हातही लावत नाही.

हाजी_दापोली
तोच फरक. शाफईंकडे समुद्रातलं जवळपास सगळं हलाल. हनफींकडे पाण्यातला फक्त मासा, आणि चिंबोरी मासा नाही. कोलंबी मासा आहे की नाही यावर हनफी आलिमांतच दोन मतं आहेत. म्हणून साताऱ्याचा पाहुणा आला तर आपण त्याला चिंबोरीचा आग्रह करत नाही, सुरमई करतो. त्यानेही आपल्या ताटाकडे पाहून नाक मुरडायचं नसतं.

रुबीना_चिपळूण
माझ्या मोबाइलच्या अॅपमध्ये असरला `Standard` आणि `Hanafi` असे दोन पर्याय येतात. घरात नवऱ्याचं एक, माझं एक. जमातीने पढायची तर कुठली वेळ धरायची?

मुदर्रिस
`Hanafi` ची. तोवर तुमची वेळ सुरू झालेली असतेच, त्यामुळे दोघांचीही नमाज वेळेत होते. फक्त सूर्य पिवळा पडेपर्यंत टाळू नका, तेवढा उशीर दोन्हीकडे मकरूह, म्हणजे नापसंत, आहे. रमजानमधल्या वित्रचं, म्हणजे रात्रीच्या शेवटी पढायच्या विषम रकातींच्या नमाजचं, मात्र एवढं सोपं नाही. हनफी तीन रकात एका सलामने पढतात, शाफई सहसा दोनवर सलाम फिरवून मग एक. शाफई माणूस हनफी इमामामागे तीन सलग पढू शकतो. उलट बाजूने, दोनवर सलाम फिरवणाऱ्या इमामामागे हनफी माणसाची वित्र होते की नाही, यावर हनफींतच मतभेद आहे. मशिदीनुसार उत्तर वेगळं मिळेल, तिथल्या इमामालाच विचारा.